लॉग घेऊन बसवलेला घातनियम एकूण गाळ कमी का दाखवतो

प्रश्न: नदीच्या विसर्गाच्या (Q) आणि गाळभाराच्या (G) नोंदींना G = aQ^b हे सूत्र बसवायचे आहे. दोन्ही बाजूंचे लॉग घेऊन सरळ रेषा बसवली, तर सूत्रावरून येणारा एकूण गाळ प्रत्यक्ष मोजलेल्या गाळापेक्षा बराच कमी भरतो. लॉग न घेता R मधील nls वापरून थेट वक्र बसवला, तर घातांकच वेगळा येतो. यातले कोणते उत्तर धरायचे आणि हा फरक नेमका कुठून येतो?

उत्तर:

फरक कुठून येतो ते आधी थोडक्यात सांगतो. लॉग घेऊन बसवलेली रेषा प्रत्येक विसर्गाला गाळभाराचा मध्यक सांगते, म्हणजे ज्याच्या वर निम्म्या आणि खाली निम्म्या नोंदी पडतील ते मूल्य. थेट बसवलेला वक्र सरासरी सांगतो. गाळाच्या नोंदींमध्ये सरासरी ही मध्यकापेक्षा नेहमीच वर असते, आणि वर्षाचा एकूण गाळ ही बेरीज असल्यामुळे तिच्यासाठी सरासरीच लागते. म्हणून लॉगच्या रेषेवरून काढलेली बेरीज कमी भरते. घातांक वेगळा येण्याचे कारण मात्र निराळे आहे. थेट पद्धत जवळजवळ सगळे वजन मोठ्या पुरांच्या दोन-चार नोंदींना देते आणि घातांक त्यांच्याच हातात जातो. गाळाच्या कामात मी साधारणपणे लॉगमध्येच रेषा बसवतो, पण तिच्यावरून येणाऱ्या भाराला दुरुस्तीचा गुणक लावल्याशिवाय बेरीज करत नाही. हे सारे हाताने पडताळता येईल असे एक छोटे उदाहरण घेऊ.

पुढील आकडे उदाहरणासाठी रचलेले आहेत. विसर्ग घनमीटर प्रति सेकंदात आणि गाळभार टन प्रतिदिनात आहे. प्रत्येक विसर्गाला दोन नमुने घेतले आहेत, एक पूर चढत असताना आणि एक ओसरत असताना. बऱ्याच नद्यांमध्ये त्याच विसर्गाला चढत्या पाण्यात गाळ अधिक सापडतो, कारण पात्रात आणि उतारावर सैल पडलेली माती पुराच्या पहिल्या भागातच वाहून जाते. उदाहरणात चढत्या पाण्यातील नोंद मध्यकाच्या दुप्पट आणि ओसरत्या पाण्यातील नोंद मध्यकाच्या निम्मी धरली आहे.

| विसर्ग | चढते पाणी | ओसरते पाणी |
|---|---|---|
| १० | १०० | २५ |
| २० | ४०० | १०० |
| ४० | १,६०० | ४०० |
| ८० | ६,४०० | १,६०० |
| १६० | २५,६०० | ६,४०० |

लॉग घेतल्यावर दुप्पट आणि निम्मे हे दोन फरक रेषेच्या वर आणि खाली अगदी सारख्या अंतरावर येतात, त्यामुळे किमान वर्गांची रेषा बरोबर त्यांच्या मधून जाते. उत्तर येते G = 0.5 Q^2, म्हणजे १० विसर्गाला ५० टन, २० ला २०० टन आणि १६० ला १२,८०० टन. मात्र १० विसर्गाच्या दोन नोंदींची सरासरी १०० आणि २५ यांची, म्हणजे ६२.५ टन आहे. रेषा सांगते त्याच्या सव्वापट. दुप्पट होताना ५० ची भर पडली आणि निम्मे होताना केवळ २५ ची घट झाली. लॉगच्या मापावर हे दोन फरक सारखे असले तरी टनांच्या मापावर ते सारखे नाहीत, आणि जलाशयात गाळ साठतो तो टनांत. प्रत्येक विसर्गाला हेच प्रमाण आहे. दहाही नोंदींची बेरीज ४२,६२५ टन होते, तर त्याच दहा विसर्गांना रेषेवरून काढलेल्या भारांची बेरीज ३४,१०० टन होते. रेषा पूर्णपणे बरोबर बसवलेली आहे, नोंदींत चूक नाही, तरीही २० टक्के गाळ हिशेबातून गळतो.

हीच कसोटी आपल्या खऱ्या नोंदींवर सर्वांत आधी लावून पाहावी असे मी सुचवेन. ज्या नोंदींवरून रेषा बसवली त्याच नोंदींच्या विसर्गांना रेषेवरून भार काढावेत, त्यांची बेरीज करावी आणि मोजलेल्या भारांच्या बेरजेने तिला भागावे. भागाकार १ च्या बराच खाली असेल, तर या घटीचा आकार तिथेच दिसतो. त्यासाठी कोणतेही गृहीतक लागत नाही. लॉगच्या आलेखावरील R² मात्र याबाबत काहीच सांगत नाही. विसर्गाचा पल्ला मोठा असला की R² ०.९ च्या वर सहज जातो आणि तरीही बेरीज पाचव्या हिश्शाने कमी असू शकते. एक्सेलमधील ‘पॉवर’ प्रकारची ट्रेंडलाइनसुद्धा आतून लॉग घेऊनच बसवली जाते आणि तिच्याशेजारी दिसणारा R² लॉगच्या मापावरचाच असतो. आलेख साध्या मापावर काढलेला असल्याने वक्र थेट बसवला आहे असा अनेकांचा समज होतो.

आता हेच आकडे थेट पद्धतीने बसवू.

```r
Q  <- rep(c(10, 20, 40, 80, 160), each = 2)
G  <- c(100, 25, 400, 100, 1600, 400, 6400, 1600, 25600, 6400)
m1 <- lm(log(G) ~ log(Q))
m2 <- nls(G ~ a * Q^b,
          start = list(a = exp(coef(m1)[[1]]), b = coef(m1)[[2]]))
m3 <- glm(G ~ log(Q), family = Gamma(link = "log"))
mean(exp(resid(m1)))
exp(summary(m1)$sigma^2 / 2)
```

m2 चे उत्तर G = 0.625 Q^2 असे येते. घातांक तोच राहिला आणि सहगुणक बरोबर सव्वापट झाला, कारण हा वक्र प्रत्येक जोडीच्या सरासरीतून जातो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. विखुरणे सर्व विसर्गांना प्रमाणाच्या दृष्टीने सारखे असेल, तर लॉगमुळे होणारी घट केवळ a मध्ये असते आणि b ला धक्का लागत नाही. ज्याला फक्त घातांक हवा आहे, उदाहरणार्थ दोन नद्यांचे घातांक एकमेकांशी ताडून पाहायचे आहेत, त्याला या घटीची काळजी करण्याचे कारण नाही. ज्याला टन हवे आहेत त्याला आहे.

दुरुस्ती करण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. लॉगमधील अवशेष, म्हणजे नोंद आणि रेषा यांतील फरक, प्रसामान्य वितरणाचे आहेत असे मानले, तर सरासरी ही मध्यकाच्या exp(s²/2) पट असते. इथे s म्हणजे नैसर्गिक लॉगमधील अवशेषांचे प्रमाण विचलन. वनशास्त्रात झाडाच्या घेरावरून त्याचे वजन काढताना हीच अडचण येते, आणि बास्करव्हिल यांनी १९७२ मध्ये तिथे या गुणकाकडे लक्ष वेधले. नद्यांच्या गाळाबाबत फर्ग्युसन यांनी १९८६ मध्ये हाच मुद्दा मांडला, आणि तेव्हापासून हा गुणक जलशास्त्रात त्यांच्या नावाने ओळखला जातो. s = ०.३ असेल तर गुणक १.०५ च्या आसपास असतो आणि तो लावला काय किंवा न लावला काय, फारसे बिघडत नाही. s = ०.५ ला तो १.१३ होतो, ०.८ ला १.३८ आणि १ ला १.६५. गाळाच्या नोंदींमध्ये ०.५ ते १ हा पल्ला मुळीच असाधारण नाही, म्हणून या विषयात दुरुस्ती ऐच्छिक मानता येत नाही.

इथे एक चूक वारंवार होते. रेषा १० पायाच्या लॉगमध्ये बसवली असेल, तर s सुद्धा त्याच मापातला असतो आणि गुणक exp(2.65 s²) असा घ्यावा लागतो. १० पायाच्या लॉगमधला s तसाच exp(s²/2) मध्ये घातला, तर दुरुस्ती केल्याचे समाधान मिळते, पण गुणक १ च्या अगदी जवळ राहतो. नैसर्गिक लॉगमधील ०.८ म्हणजे १० पायाच्या लॉगमधील सुमारे ०.३५. चुकीच्या सूत्रात तो १.०६ देतो, तर खरा गुणक १.३८ आहे.

दुसरा मार्ग नैहुआ दुआन यांनी १९८३ मध्ये सुचवला आणि तो अधिक सरळ आहे. प्रत्येक नोंदीचा लॉगमधील अवशेष घ्यावा, त्याचा exp काढावा आणि या सर्वांची सरासरी हाच गुणक मानावा. त्यासाठी अवशेष प्रसामान्य असण्याची गरज नाही. आपल्या उदाहरणात निम्मे अवशेष २ पटीचे आणि निम्मे अर्ध्या पटीचे आहेत, म्हणून सरासरी १.२५ येते आणि बेरीज तंतोतंत जुळते. पहिल्या सूत्राने मात्र १.३५ येते. त्याची कारणे दोन आहेत. हे अवशेष प्रसामान्य नाहीत, आणि नोंदी दहाच असल्यामुळे s² काढताना १० ऐवजी ८ ने भागले जाते, त्यामुळे तो फुगतो. म्हणून नोंदी थोड्या असताना exp(s²/2) डोळे झाकून लावू नये. दोन्ही गुणक काढून पाहावेत. ते जवळजवळ असतील तर कोणताही चालेल, आणि दूर असतील तर अवशेषांचा आलेख उघडून त्यांच्यात काय दडले आहे ते शोधावे.

बहुतेक वेळा जे दडलेले सापडते ते असे की विखुरणे सगळीकडे सारखे नसते. मान्सूनच्या पाण्यावर वाहणाऱ्या आपल्या नद्यांत जूनच्या पहिल्या पुरात नांगरलेली, उघडी जमीन धुऊन येते, तर सप्टेंबरमध्ये त्याच विसर्गाला पिकांखालची जमीन फार कमी माती देते. मधल्या विसर्गांना या दोन्ही ऋतूंतल्या नोंदी एकत्र पडतात आणि विखुरणे तिथे मोठे दिसते; अतिशय मोठ्या पुरांत ते कमी असू शकते. अशा वेळी सर्व विसर्गांना एकच गुणक लावला, तर मधल्या विसर्गांची दुरुस्ती अपुरी आणि मोठ्यांची अवाजवी होऊ शकते, आणि वर्षाचा बहुतेक गाळ मोठ्या विसर्गांतून येत असल्याने ती अवाजवी दुरुस्ती थेट उत्तरात उतरते. लॉगमधील अवशेष विसर्गासमोर आणि तारखेसमोर मांडून पाहिले की हे लगेच कळते. तारखेसमोर उतार दिसला, तर हंगामाच्या आरंभीच्या आणि नंतरच्या नोंदींना वेगवेगळ्या रेषा बसवणे हा गुणकाशी खेळत बसण्यापेक्षा चांगला उपाय आहे, कारण त्याने s च कमी होतो आणि s कमी झाला की दुरुस्तीची गरजही कमी होते.

आता आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळू. थेट पद्धतीत घातांक का बदलतो हे पाहण्यासाठी वरच्या तक्त्यातील एकच आकडा बदलू. सर्वांत मोठ्या पुरात चढत्या पाण्यातील नोंद २५,६०० ऐवजी ५१,२०० टन आली असे समजा, म्हणजे मध्यकाच्या दुपटीऐवजी चौपट. काठ ढासळला, वरच्या भागात दरड कोसळली किंवा नमुना तळाच्या फार जवळून घेतला गेला, तर असे घडू शकते. लॉगच्या रेषेत त्यामुळे घातांक २ वरून २.१ होतो आणि १० विसर्गाचा भार ५० वरून सुमारे ४७ टन. थेट वक्रात घातांक २.८ च्या पुढे जातो, आणि १० विसर्गाला तो केवळ १२ टन सांगतो, जिथे मोजलेल्या नोंदी २५ आणि १०० आहेत. २० विसर्गाला तो सुमारे ८४ टन सांगतो आणि तिथल्या नोंदी १०० आणि ४०० आहेत. वक्र खालच्या दोन विसर्गांच्या सगळ्या नोंदींच्या खालून जातो आणि तरीही संगणकाच्या दृष्टीने तोच सर्वोत्तम आहे, कारण त्याला टनांच्या वर्गांची बेरीज किमान करायला सांगितले आहे. मूळ तक्त्यात १६० विसर्गाच्या अवशेषाचा वर्ग १० विसर्गाच्या अवशेषाच्या वर्गाच्या ६५,५३६ पट होता. लहान विसर्गांच्या नोंदी गाळून टाकल्या असत्या तरी उत्तर जवळपास तेच आले असते.

म्हणून लॉग घ्यावा की न घ्यावा हा बीजगणिताच्या सोयीचा प्रश्न राहत नाही. नोंदींतील चूक कशी आहे याबद्दलचे ते विधान असते. लॉगमध्ये रेषा बसवताना आपण म्हणतो की विसर्ग कितीही असो, नोंद खऱ्या मूल्यापासून सारख्याच पटीने वर-खाली होते. थेट बसवताना आपण म्हणतो की ती सर्व विसर्गांना सारख्याच टनांनी वर-खाली होते. ५० टनांच्या आणि १६,००० टनांच्या दिवशी सारख्याच टनांची चूक होते असे कोणीही गाळ मोजणारा म्हणणार नाही. तपासण्याची रीत सोपी आहे. दोन्ही पद्धतींचे अवशेष विसर्गासमोर मांडावेत, थेट पद्धतीचे टनांत आणि लॉग पद्धतीचे लॉगमध्ये. ज्या आलेखात पट्टा सर्वत्र साधारण सारख्या रुंदीचा दिसेल, त्या पद्धतीचे गृहीतक आपल्या नोंदींना धरून आहे. गाळभाराच्या बाबतीत थेट पद्धतीचा आलेख जवळजवळ नेहमी उजवीकडे पंख्यासारखा उघडत जातो.

याला जोडून आणखी एक खूण आहे. प्रयोगशाळेत आपण मोजता ती गाळाची संहती, म्हणजे मिलिग्रॅम प्रति लिटर. भार हा संहतीला विसर्गाने आणि 0.0864 ने गुणून काढलेला असतो. लॉगमध्ये संहती बसवली किंवा भार बसवला तरी अवशेष तेच राहतात. भाराचा घातांक संहतीच्या घातांकाहून बरोबर १ ने मोठा येतो आणि दुरुस्तीचा गुणकही बदलत नाही. थेट पद्धतीत तसे होत नाही. तिथे संहतीवरून बसवलेला वक्र आणि भारावरून बसवलेला वक्र एकमेकांशी जुळत नाहीत, कारण विसर्गाने गुणल्यावर मोठ्या पुरांचे वजन आणखी वाढते. या दोन थेट वक्रांच्या घातांकांत १ पेक्षा बराच वेगळा फरक आला, तर थेट पद्धतीचे गृहीतक आपल्या नोंदींवर टिकत नाही असे समजावे. भाराच्या आलेखावरचा R² संहतीच्या आलेखापेक्षा मोठा दिसतो तो विसर्ग दोन्ही अक्षांवर आल्यामुळे, म्हणून संबंध खरोखर किती घट्ट आहे हे संहतीच्या आलेखावरूनच ठरवावे.

सरासरी हवी आहे, पण मोठ्या पुरांची मक्तेदारी नको आहे, अशा वेळी मधला मार्ग उपलब्ध आहे आणि वरच्या कोडमधील m3 तो आहे. गॅमा वितरण आणि लॉग दुवा वापरलेल्या या प्रतिमानात वक्र सरासरीलाच बसवला जातो, पण चूक सरासरीच्या प्रमाणात वाढते असे मानले जाते. लॉग नोंदींचा घेतला जात नाही, सरासरीचा घेतला जातो. त्यामुळे नंतर दुरुस्तीचा गुणक लागत नाही. मूळ तक्त्यावर त्याचे उत्तर थेट वक्रासारखेच 0.625 Q^2 येते. ५१,२०० चा आकडा घातल्यावर घातांक सुमारे २.१८ होतो आणि १० विसर्गाला ५६ टन, तर १६० ला सुमारे २३,४०० टन मिळतात. प्रत्येक विसर्गाला वक्र तिथल्या दोन नोंदींच्या मधूनच जातो. वेगळ्या पडलेल्या मोठ्या नोंदीकडे तो दुर्लक्ष करत नाही आणि तिच्या मागे फरफटतही जात नाही. हे प्रतिमान बसवणे आता कोणत्याही संख्याशास्त्रीय संचात एका ओळीचे काम आहे, आणि लॉगच्या रेषेवर दुआन यांचा गुणक लावून आलेले उत्तर पडताळण्यासाठी ते नेहमी सोबत चालवावे असे माझे मत आहे.

मात्र लॉग घेणे चुकीचे ठरते अशीही एक परिस्थिती गाळाच्या नोंदींतच असते, आणि ती आलेखाच्या डाव्या टोकाला सापडते. उन्हाळ्याच्या आसपास पाणी जवळजवळ निवळ असते, तेव्हा गाळणपत्रावर इतका थोडा गाळ राहतो की वजनकाट्याची आणि कागद वाळवण्याची चूक त्याच्याच तोडीची होते. ही चूक काही मिलिग्रॅमांची, जवळजवळ ठराविक असते. खरी संहती ५ आहे आणि चूक ४ ची आहे असे धरले, तर नोंदी १ आणि ९ येतील. त्यांची साधी सरासरी ५ च आहे, पण लॉगमधली सरासरी ३ वर येते. ५०० च्या आसपास हीच ४ ची चूक लॉगमध्ये दिसतसुद्धा नाही. परिणाम असा की लॉगची रेषा डाव्या टोकाला खाली ओढली जाते, उतार खऱ्यापेक्षा अधिक तीव्र होतो, आणि मग मोठ्या पुरांपर्यंत ती रेषा वाढवली की भार अवाजवी येतो. म्हणजे इथे लॉगमुळे b च बिघडतो, आणि a ला कोणताही गुणक लावून तो सुधारत नाही. काही नोंदी शून्य असतील तर लॉग घेताच येत नाही. अशा वेळी सगळ्या नोंदींत १ मिळवून लॉग घेण्याची जी रीत दिसते ती टाळावी, कारण मिलिग्रॅमऐवजी ग्रॅममध्ये मोजले की त्याच १ चा अर्थ बदलतो आणि घातांकही बदलतो. मापनाच्या मर्यादेजवळच्या या नोंदी वर्षाच्या एकूण गाळात नगण्य भर घालतात. त्यामुळे एकूण गाळ हाच हेतू असेल, तर रेषा बसवताना त्या वगळणे आणि अहवालात तसे नमूद करणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

शेवटी, सूत्र आणि गुणक ठरल्यावर ते कोणत्या विसर्गांना लावता याकडेही पाहावे, कारण तिथे आणखी एक घट लपलेली असते आणि ती लॉगची घट समजली जाते. नमुने घेताना विसर्ग त्या क्षणाचा असतो, पण वर्षाची बेरीज करताना बहुतेकदा दिवसाच्या सरासरी विसर्गाची मालिका वापरली जाते. घातांक १ पेक्षा मोठा असल्याने सरासरी विसर्गाचा भार हा भारांच्या सरासरीपेक्षा कमी असतो. वरच्याच 0.5 Q^2 सूत्रात विसर्ग अर्धा दिवस ४० आणि अर्धा दिवस १६० होता असे धरा. दिवसाचा सरासरी विसर्ग १०० म्हणून भार ५,००० टन निघतो. प्रत्यक्षात अर्धा दिवस ८०० च्या आणि अर्धा दिवस १२,८०० च्या दराने गाळ वाहिला, म्हणजे ६,८०० टन. ही घट दुआन किंवा फर्ग्युसन यांच्या गुणकाने भरून निघत नाही, कारण ते गुणक नोंदींच्या विखुरण्यासाठी आहेत. गोदावरीच्या खालच्या पात्रासारख्या मोठ्या नदीत विसर्ग दिवसभरात सावकाश बदलतो आणि हा फरक फारसा जाणवत नाही. सह्याद्रीतून उतरणाऱ्या लहान नद्यांत पूर काही तासांत येऊन ओसरतो, तिथे तो मोठा असतो. आपली नदी दुसऱ्या प्रकारातली असेल, तर पुराच्या दिवसांपुरती तरी तासातासाची पातळी मिळवून विसर्ग आणि भार तासाच्या हिशेबाने काढावा आणि मगच त्यांची बेरीज करावी.